‘ह्या चित्रात माझं घर कुठं गेलं?’ : समाजमंदिराच्या थ्रीडीबद्दल प्रश्नोत्तरे

समाजमंदिर, सांस्कृतिक भवन, सभागृह, नाव काहीही द्या, पण गावासमोर त्याचा थ्रीडी दाखवायची वेळ आली की माझ्याकडे तेच तेच मेसेज येतात, थोडे दाखवणाऱ्या आर्किटेक्टचे आणि थोडे बघणाऱ्यांचे. एकेकाला उत्तरं टाईप करून बोटं दुखली म्हणून ह्यावेळी सगळ्यांना एकदमच लिहितोय.

सर, रविवारी नगरपंचायतीत हॉलचं प्रेझेंटेशन आहे, पहिल्यांदाच लोकांसमोर बोलतोय. किती वेळ बोलू आणि सुरुवात कशी करू?

सात-आठ मिनिटं, त्यापुढे लोक मोबाईल काढतात. “प्रस्तावित वास्तूची संकल्पना” वगैरे काही नको, सुरुवात रेंडरने, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या थ्रीडी चित्राने पण नको. आधी लोकांच्या ओळखीच्या जागेचा आजचा फोटो लावा आणि साधं बोला : “हा आपला मारुतीच्या देवळासमोरचा रस्ता, काल सकाळी नऊला मी देवळाच्या पायरीवर उभा राहून काढलाय. हा डांब, ही डीपी. आता त्याच पायरीवरून हॉल असा दिसेल.” मग दुसरं चित्र. डांब आणि डीपी दोन्हीत त्याच जागी दिसले की लोकांना हॉल केवढा आहे ते आपोआप कळतं, तुम्हाला चौरस फूट सांगावे लागत नाहीत.

त्यानंतर लगेच, कुणी विचारायच्या आत, काय पक्कं आहे आणि काय नाही ते सांगून टाका. “जागा, लांबी-रुंदी, उंची आणि दारं कुठं ते ठरलंय. रंग, फरशी, झाडं, लाईट अजून ठरलेलं नाही, चित्रात आहे म्हणून धरून चालू नका.” हे एक वाक्य न बोलल्यामुळे पुढे दोन-दोन वर्षं भांडणं चालतात हो. आणि जमलं तर आदल्या दिवशी मैदानावर फक्कीने हॉलचा आकार आखून ठेवा आणि शेवटी सगळ्यांना तिथं चालवत न्या. फक्कीच्या आत उभा राहिलेला माणूस जे प्रश्न विचारतो ना ते खुर्चीत बसून कधीच सुचत नाहीत.

किती चित्रं दाखवायची?

चार. रस्त्यावरून एक, आतून एक, मागच्या बाजूने एक आणि प्लॅन. मागची बाजू कुणी दाखवत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय, कारण स्वयंपाकाची जागा, संडास आणि टँकर तिकडेच असतो आणि त्या बाजूच्या घरांनाच त्रास होतो.

नाईट व्ह्यू भारी दिसतो, तो दाखवू का?

नको. दिवाळीत सगळ्याच इमारती भारी दिसतात.

आमच्या इथल्या आर्किटेक्टने दाखवलेला हॉल एकदम भव्य दिसतोय, पण प्लॉट तर लहान आहे. तो म्हणतो सॉफ्टवेअरमध्ये सगळं मापाने असतं त्यामुळे चित्र खोटं असूच शकत नाही. खरं आहे का?

मॉडेल मापाने असतं, कॅमेरा नसतो. कॅमेरा म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आपण कुठं उभं राहून आणि कुठल्या लेन्समधून बघतोय ते. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की घरचे हसतात, तरी परत सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो.

समजा हॉलची दर्शनी भिंत ६० फूट लांब आहे, पुढे १५ फूट मार्जिन आणि मग ३० फुटी रस्ता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तुम्ही उभे राहिलात की भिंतीपासून ४५ फुटांवर असता. पन्नासची लेन्स, म्हणजे साधारण आपण मान न वळवता निवांत बघतो तेवढा पसारा, तिच्यात तिथून भिंतीचा ३२ फूटच भाग मावतो. म्हणजे जवळजवळ अर्धी इमारत. पूर्ण ६० फूट एका चित्रात यायला तुम्हाला ८३ फूट लांब जावं लागेल, म्हणजे समोरच्याच्या घरात ३८ फूट आत! रेंडर करणारा पोरगा काय करतो, समोरची घरं मॉडेलमध्ये घेतच नाही आणि कॅमेरा मागे नेतो. नाहीतर दुसरी युक्ती, लेन्स अठराची करतो, मग ४५ फुटांवरूनच ९० फूट रुंदीचं दिसतं, अख्खा हॉल येतो, दोन्ही बाजूला झाडं येतात आणि आपला ३० फुटी रस्ता हायवेसारखा दिसायला लागतो. आकडा एकही खोटा नाही आणि चित्र मात्र फसवं. आतल्या व्ह्यूला तर ही लेन्स फारच वापरतात, चाळीस फुटांचा हॉल नाट्यगृह वाटतो.

मी हे दुसऱ्यांबद्दल बोलतोय असं समजू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात मी स्वतः असंच चित्र घेऊन गेलो होतो, भाषण छान झालं, टाळ्या झाल्या आणि मागून एक आजी उठून पुढे आल्या, फ्लेक्सजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्या चित्रात माझं घर कुठं गेलं रे बाबा?” त्यांना वाटलं हॉलसाठी घर पाडणार. प्रत्यक्षात माझा कॅमेरा त्यांच्या पडवीत उभा होता आणि घर मी ‘अडतंय’ म्हणून काढून टाकलं होतं. त्यानंतर अर्धा तास हॉलवर कुणी बोललंच नाही, सगळी सभा “कुणाकुणाची घरं जाणार” ह्यावर गेली, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

ओळखायचं कसं? चित्राच्या कडेला असलेल्या गोल वस्तू बघा, दिव्याचा गोळा, माणसाचं डोकं, गाडीचं चाक. ते आडवं ताणलेलं, अंडाकृती दिसत असेल तर लेन्स फार रुंद आहे. दुसरं, क्षितिजाची रेघ कुठं येते ते बघा. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास असेल तर सपाट जमिनीवर उभ्या मोठ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण त्या रेघेवरच येतात. सगळी डोकी रेघेच्या बरीच खाली असतील तर कॅमेरा वर टांगलाय, आणि डोकी वर असतील तर कॅमेरा गुडघ्यापाशी ठेवलाय, ज्यामुळे एकमजली हॉल राजवाडा दिसतो.

आणि आर्किटेक्ट मंडळी, उपाय सोपा आहे. मोबाईल घेऊन जागेवर जा, साधा वन-एक्स कॅमेरा पण बऱ्यापैकी वाईड असतो म्हणून टू-एक्सवर ठेवून फोटो काढा, उभं कुठं राहिलात ते प्लॅनवर खूण करा, मॉडेलचा कॅमेरा तिथंच ठेवा आणि इमारत त्या फोटोत बसवा. अख्खा हॉल मावत नसेल तर नाही मावत! तसंच दाखवा, गावालाही तो तसाच दिसणार आहे. ड्रोन व्ह्यू दाखवायचा तर जरूर दाखवा, फक्त “हे वरून आहे” असं तोंडाने सांगा.

चित्रात पुढची भिंत दुपारच्या उन्हात चमकतेय पण आमचा हॉल उत्तरेला तोंड करून आहे. असं होईल का?

पुण्याच्या आसपासच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो तो फक्त मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत, आणि तेव्हाही जवळजवळ डोक्यावर, त्यात जूनपासून ढग. बाकी वर्षभर दुपारी ती भिंत सावलीत. ऊन हाताने फिरवलेलं असणार. स्केचअप नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तर लोकेशन बदललं नाही तर अमेरिकेतल्या बोल्डर गावाचं ऊन पडतं, सावल्या आपल्यापेक्षा लांब येतात. आर्किटेक्टला तारीख आणि वेळ चित्राखाली लिहायला सांगा. तसंही उत्तरेची सावली मंडपाबाहेर उभ्या पाहुण्यांसाठी चांगलीच, त्यात लपवण्यासारखं काय आहे कळत नाही.

थ्रीडीत खुर्च्या गच्च भरल्यात, सगळे म्हणतात ५०० माणूस बसेल. हॉल ४० बाय ६० आहे.

‘सगळे म्हणतात’ हे माप नाही. १२ फुटांचं स्टेज काढलं की ४८ फूट लांबी उरते, पुढे ६ आणि मागे ४ फूट मोकळं सोडलं तर ३८, एका रांगेला ३ फूट धरले तर १२ रांगा. रुंदीत मध्ये आणि दोन्ही कडांना चार-चार फुटांची वाट सोडली की २८ फुटांत प्लास्टिकच्या १६ खुर्च्या. झाले १९२. टेबल-खुर्ची जेवणाला शंभर-सव्वाशे. चित्रात रांगांमधून माणूस आडवा जाऊ शकेल का ते बघा, कळेल. किती माणसांना किती दारं लागतात हे मात्र अंदाजाने ठरवू नका, फायर विभागाला आणि तुमच्या आर्किटेक्टला लेखी विचारा.

एक कॉन्ट्रॅक्टर थ्रीडी फुकट करून देतोय, घ्यावा का?

फुकट काही नसतं, ते एस्टिमेटमध्ये कुठंतरी बसलेलं असतं. त्याच्याकडे प्लॅन, सेक्शन आणि जागेचा मोजणी नकाशा मागा. ते नसताना चित्र तयार असेल तर ते दुसऱ्या गावच्या हॉलचं चित्र आहे, नुसता बोर्ड बदललाय. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टला दाखवल्याशिवाय ग्रामसभेत ठेवू नका.

आमचा हॉल बांधून झाला, चित्रात पुढे दगडी क्लॅडिंग आणि मोठ्या काचा होत्या, प्रत्यक्षात प्लास्टर आणि सरकत्या खिडक्या. आता काय करता येईल?

आता विचारताय! स्लॅब पडला तेव्हा, खिडक्या बसल्या तेव्हा कुठं होतात? निविदेत कॉन्ट्रॅक्टरवर बंधनकारक असतात ते ड्रॉईंग आणि बीओक्यू, म्हणजे कामांची यादी. त्यात क्लॅडिंगची ओळच नसेल तर त्याने ते का करावं? यादीची प्रत मागवा, माहिती अधिकारातही मिळेल. ओळ आहे आणि काम झालं नाही तर अंतिम बिल निघायच्या आत लेखी तक्रार करा आणि वकिलाला कागद दाखवा. ओळ नसेल तर पुढच्या टप्प्यात मागणी करणं एवढंच हातात राहतं.

चित्रात व्हीलचेअरचा रॅम्प दाखवलाय, म्हणजे तो प्रश्न सुटला ना?

जोत्याची उंची विचारा. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते, म्हणजे जोतं ३ फूट असेल तर ३६ फूट आणि मध्ये टेकायला सपाट जागा वेगळी. माझ्याकडे आलेल्या चित्रांत बहुतेक वेळा दारापाशी दहा फुटांचा नाजूक उतार असतो, तो मोटारसायकल चढवायला ठीक आहे. प्लॅनवर पट्टी ठेवून मोजा, कमी भरला तर फक्कीच्या दिवशीच आर्किटेक्टला तिथं उभं करून विचारा.