"चिडवतात" हे तक्रारीत कसं लिहायचं?

*"ऐरोलीत सपोर्ट टीममध्ये आहे. मला ऑटिझम आहे, एचआरला माहीत आहे. सपाट आवाजात बोलतो, हेडफोन लावून बसतो म्हणून टीम चिडवते. तक्रार केली तर 'मस्करी असते, मनावर घेऊ नका' असं उत्तर आलं. परत कसं लिहू?"*

मीही ऑटिस्टिक आहे. वाशीतल्या एका नोकरीत माझी पहिली तक्रार होती, "टीम मला सतत त्रास देते." मलाही असंच उत्तर आलं होतं. खूप लागलं तेव्हा. पण "सतत" आणि "त्रास" यांवरून एचआर चौकशी कोणाची आणि कशाची करणार? दुसऱ्या मेलमध्ये मी एकच प्रसंग लिहिला:

"मंगळवारी सकाळी 10 च्या स्टँडअपमध्ये मी तिकिटाची स्थिती सांगितली. (सहकाऱ्याचं नाव) यांनी माझ्या आवाजाची नक्कल करत तेच वाक्य परत म्हटलं आणि 'रोबो अपडेट संपलं' असं म्हणाले. सात जण हजर होते, त्यांची नावं खाली आहेत. टीम लीडने थांबवलं नाही. त्यानंतर दोन दिवस मी अपडेट तोंडी न देता चॅटवर दिलं."

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे अप्रेझलला "मीटिंगमध्ये बोलत नाही" असा शेरा आला, तर तुम्ही गप्प का झालात ते आधीच तारखेसह नोंदलेलं असतं. शब्द जसेच्या तसे लिहा, हेतूचा अंदाज मात्र लिहू नका. त्याऐवजी त्या व्यक्तीला एकदा चॅटवर साधं कळवा: "माझ्या बोलण्याची नक्कल करू नका." त्यानंतरही झालं, तर नको सांगूनही केलं हे त्या मेसेजवरूनच दिसतं, आणि "मस्करी" हे उत्तर टिकत नाही.

हेडफोनबद्दल "आवाज सहन होत नाही" एवढंच लिहिलं की लोक त्याला नखरे समजतात. कामाच्या भाषेत लिहा: "शेजारी तीन-चार कॉल चालू असले की ग्राहकाचं बोलणं मला वेगळं ऐकू येत नाही; हेडफोन लावला की येतं." कोणी मागून हेडफोन ओढला असेल तर नेमकं तेवढंच लिहा, "गमतीत" हा शब्द त्यांच्या वतीने तुम्ही घालू नका. हेडफोनची मागणी वेगळ्या मेलमध्ये करा. एकत्र केली की हेडफोनची परवानगी देऊन एचआर नक्कलीचा विषयही मिटवून टाकतं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे. खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर 2017 च्या नियमांप्रमाणे त्यात संपर्क अधिकारी नेमल्याचा उल्लेख लागतो. त्या धोरणाची प्रत आणि अधिकाऱ्याचं नाव लेखी मागा, तक्रार त्यांनाही पाठवा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.

नोंद त्याच दिवशी करा. मी संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बसलो की स्वतःलाच मेल करायचो, म्हणजे तारीख-वेळ आपोआप पडायची. दुसऱ्या मेलनंतर एचआरने त्या सातांपैकी तिघांना बोलावलं, आणि एकीने नक्कल झाल्याचं सांगितलं.