आधी लिपी, मग भाषा

तुम्ही शिलालेखाचा फोटो पाठवून त्याची भाषा विचारलीत; अक्षरं गोलसर आहेत, म्हणून तुम्ही ती कन्नड ठरवलीत. सुरुवातीला सगळेच इथे चुकतात. लिपी कानडी असली तरी मजकूर संस्कृत असू शकतो. भाषाकुळ अक्षरांच्या वळणावरून कळत नाही, ते शब्दांच्या शेवटांवरून कळतं.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी बघा. एका बाजूला नागरीत ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आहे आणि दुसरीकडे कानडी लिपीत ‘श्री चामुंडराजं माडिसिदं’. नाव एकच, अर्थही एकच, ‘करवून घेतलं’. नाव आणि ‘श्री’ तर कुठल्याही भाषेत येतात, त्यांच्यावर विसंबू नका. ‘करवियलें’मधला ‘कर’ धातू आणि ‘लें’ प्रत्यय मराठी, म्हणजे आर्य कुळ. ‘माडु’ म्हणजे करणे, हा कन्नड धातू, म्हणजे द्राविड कुळ.

तेव्हा एवढंच करा:

- शिरोरेघ आहे का ते बघा. ती सलग ओळभर असून शब्द सुटे नसतील, तर मोडी असण्याची शक्यता धरा.
- एकच अक्षरगट पुन्हा पुन्हा कुठे येतो, त्यावर खूण करा. शेवट बहुधा तिथेच सापडतो.
- ओळीच्या शेवटाला शब्दाचा शेवट समजू नका. शिलालेखात शब्द मधेच तुटून खालच्या ओळीत जातो.

आणि फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात पुन्हा काढा. समोरून फ्लॅश मारला की कोरीव खाचांची सावली जाते आणि अनुस्वाराचा ठिपका दगडातल्या खड्ड्यासारखाच दिसतो.