टोटला ‘भाव’ नसतो

प्रश्न : ‘घोड्याला टोटवर चाराचा भाव लागला’ असं वाचलं. बुकीचाही भावच आणि टोटचाही भावच का? आणि ‘पॅरी-म्युच्युअल’मधलं ‘पॅरी’ म्हणजे पॅरिस ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण हा ‘पॅरिस’ ऐकून ऐकून कान किटले. टोट चालतो तो याच पॅरी-म्युच्युअल पद्धतीनं : शर्यतीवर लावलेले सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे आणि जिंकणाऱ्यांत वाटायचे. ही पद्धत जोसेफ ओलेरनं 1860च्या दशकात पॅरिसमध्ये काढली, हे खरं. शब्दाचा मात्र त्या शहराशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘पारी’ म्हणजे पैज. त्यामागचं क्रियापद लॅटिन ‘पार’वरून, म्हणजे समान, बरोबरीचं. म्युच्युअल म्हणजे आपसातलं. यावरून काही परिभाषाकारांनी ‘परस्पर पैज’ असा शब्द घडवला आणि हात झटकले. त्यांनी आपल्याच ‘पैज’ शब्दाकडे नीट पाहिलं असतं, तर बरं झालं असतं.

पैज आली संस्कृत ‘प्रतिज्ञे’वरून, प्राकृत ‘पइज्जा’च्या वाटेनं. पैजेत कुणीतरी कुणाला शब्द दिलेला असतो. बुकी ‘तीनास एक’ म्हणतो तेव्हा तो शब्द देतो. पुढे त्या घोड्यावर कितीही पैसा येवो, तुमची पावती तीनास एकचीच राहते. ही खरी पैज, आणि हाच खरा भाव. टोटमध्ये कुणीच कुणाला शब्द देत नाही. सगळ्यांचे पैसे एका राशीत पडतात, आयोजक आपला हिस्सा कापतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. फलकावर शर्यतीआधी दिसतो तो नुसता अंदाज.

समजा, राशीत एक लाख जमले आणि कपात वीस टक्के. उरले ऐंशी हजार. तुमच्या घोड्यावर एकूण वीस हजार लागलेत, तर तो जिंकल्यावर लावलेल्या प्रत्येक एकामागे चार परत, मुद्दल धरून. बुकीच्या भाषेत हेच तीनास एक. आता पैसे लावणं बंद होण्याआधीच्या दोन मिनिटांत आणखी पंचवीस हजार आले, त्यातले वीस हजार याच घोड्यावर. राशी सव्वा लाख, कपातीनंतर एक लाख, घोड्यावर चाळीस हजार. हाती येतात अडीच. बुकीकडे तीनास एक घेतलेल्याला मात्र चारच मिळतात. तेव्हा ‘टोटवर चाराचा भाव’ कसला? तो वाटा, आणि तोही शर्यत सुटल्यावर ठरणारा.

त्या कपातीला ‘कमिशन’ म्हणतात, त्याचीही मला चीड आहे. मराठीत अस्सल शब्द आहे : नाल. जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावामागे आपला हिस्सा घेतो, तो नाल. आणि घोड्याच्या टापेखालचा तोही नाल, अरबी ‘नअ्‌ल’वरून, मूळ अर्थ पादत्राण. माझं मत असं की दोन्ही शब्द एकच. मराठा काळात शिलेदाराला घोडं सज्ज ठेवायला आगाऊ रक्कम मिळे, ती नालबंदी. नालाच्या नावानं घेतला जाणारा पैसा तिथून जुगाराच्या फडावर पोचला असणार. पुरावा मागाल तर नाही. पण दोन्ही ‘नाल’ निरनिराळे आहेत असं ठासून सांगणाऱ्यांकडे तरी कुठे आहे?

हा नाल कुठून कापला जातो, याला फार महत्त्व आहे. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष शंभरामागे पाच घेतो, पण ‘जितद्रव्या’तून, म्हणजे जिंकलेल्या धनातून. टोटचा नाल पूर्ण राशीवर बसतो, म्हणजे जिंकणाऱ्याच्या मुद्दलावरही. वरच्या पहिल्या हिशेबात कपात नसती तर पाच मिळाले असते. नफा चारावरून तीनावर आला. वीस टक्के म्हणता म्हणता नफ्याचा चौथा हिस्सा गेला.

लोकप्रिय घोड्यावर तर हाल विचारू नका. लाखातले सत्तर हजार एकट्यावर लागले, तर नाल नसताना एकामागे सुमारे 1.43 मिळाले असते. नालानंतर 1.14. त्यातही बऱ्याच ठिकाणी वाटा खालच्या दशांशावर आणतात, म्हणून 1.10. त्रेचाळीस पैशांचा नफा दहा पैशांवर! त्याच्यावर पंच्याऐंशी हजार लागले असते, तर वाटायला उरलेले ऐंशी हजार मुद्दलालाही पुरले नसते. किमान वाट्याचा नियम असेल तिथे अशा वेळी तूट आयोजकाच्या खिशातून भरली जाते.

बुकी धुतल्या तांदळासारखा नाही. तो नाल भावातच मुरवतो. सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज करा, ती शंभर टक्क्यांवर जाते. त्या वरच्या भागाला मराठीत काय म्हणावं, यावर मी अजून अडलो आहे. ‘छुपा नाल’ सुचतो, पण छापून आला की लोक घोड्याची टाप उचलून बघतील.

तुमचं वाक्य ‘टोटवर एकामागे चार मिळाले’ असं लिहा.