एरोप्रेस उलटा की सरळ: मुद्दा गळतीचा आहे

प्रश्न: प्रवासासाठी छोटा एरोप्रेस घेतलाय. सरळ पद्धतीने केलेली कॉफी पांचट होते. उलटा करून केली तर खरंच चांगली लागते का? आणि धातूची गाळणी घ्यावी का?

उत्तर:

सरळच करा. पांचटपणा बहुधा भरड दळणातून येतोय. एरोप्रेसच्या नळकांड्यातली भिजलेली कॉफी फिल्टरमधून कपात ढकलणारा दट्ट्या दाबताना हाताला काही विरोध जाणवतो का? आठ-दहा सेकंदांत तो सरसर खाली जात असेल तर यंत्र उलटं धरा की आडवं, कप पाणचटच निघणार. दळण एक-दोन खुणा बारीक करा, पुढचं नंतर.

आता हे इतकं ठासून का सांगतोय तेही सांगतो. माझा मेहुणा. यंत्र दट्ट्यावर उभं ठेवून कॉफी भिजवायची आणि शेवटी कपावर उलटवून दाबायची, ही उलटी पद्धत त्याने कुठेतरी पाहिली आणि तेव्हापासून माझ्या हातात सरळ एरोप्रेस दिसला की, “दाजी, अर्धी कॉफी तशीच गळून चाललीय, बघताय ना?” घरी चार माणसं बसलेली असताना तर हमखास. जागतिक एरोप्रेस स्पर्धेत सगळे उलटाच वापरतात, हे त्याचं हुकमाचं पान. ती स्पर्धा २००८ पासून होते आणि तिथे दोन्ही पद्धतींच्या पाककृती जिंकल्या आहेत. ज्या अॅलन अॅडलरने २००५ मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, त्याची स्वतःची कृतीही सरळच होती: बारीक दळण, ८० अंशांच्या आसपासचं पाणी, दहा सेकंद ढवळायचं आणि सावकाश दाबायचं.

मेहुण्याचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नव्हता. सरळ पद्धतीत पाणी ओतल्या ओतल्या खालून थेंब पडायला लागतात. माझ्या मध्यम-बारीक दळणाला २०० ग्रॅममधलं पंचवीस-तीस ग्रॅम पाणी असं आधीच कपात उतरतं. पण ते कोरं पाणी नसतं. एकदा हे थेंब वेगळ्या वाटीत धरून चाखा. बारीक दळणाचे असतील तर गडद आणि आंबटसर लागतील, कारण पहिल्या काही सेकंदांतच कॉफीतलं बरंच काही पाण्यात उतरलेलं असतं. भरड दळणाचे असतील तर फिक्या चहासारखे दिसतील, आणि तेव्हा गळतातही भराभर. म्हणजे गळती किती आणि कशाची, हे दळण ठरवतं.

उरलेली गळती थांबवायला यंत्र उलटं करावं लागत नाही. पाणी ओतलं, ढवळलं की दट्ट्या वरून साधारण सेंटीमीटरभर आत बसवायचा आणि किंचित वर ओढायचा. आत हवेचा दाब कमी होतो आणि थेंब जवळजवळ बंद पडतात. बंद पडले नाहीत तर रबरी सील तपासा. ते झिजलं असेल किंवा त्यावर कॉफीचं तेल साचलं असेल तर हवा आत शिरते. मेहुण्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “पण चवीत फरक आहेच.”

मग चवच घेतली. आधी त्याची कृती नीट पाहिली, तेव्हा लक्षात आलं की वाद पद्धतीचा नव्हताच. मी एका मिनिटात दाबायचो. तो दोन मिनिटं ठेवायचा, वर झाकण लावून यंत्र फिरवण्यात आणखी दहा-पंधरा सेकंद जायची. शिवाय तो १७-१८ ग्रॅम कॉफी घालायचा आणि मी १५. त्याचा कप दाट लागायचा हे खरंच, पण श्रेय उलटं करण्याला!

म्हणून दोघांनाही तोच हिशोब लावला: १५ ग्रॅम कॉफी, २०० ग्रॅम उकळून मिनिटभर ठेवलेलं पाणी, तेच दळण, ओला केलेला कागदी फिल्टर. पहिलं पाणी पडल्यापासून दोन मिनिटांनी दाबायला सुरुवात, तीस सेकंद सावकाश दाब, फुस्स आवाज आला की थांबायचं. कॉफी स्वतःच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे दोन्हीकडे कपात १७० ग्रॅमच्या आसपास उतरलं. ते काट्यावर पाहिलं, कारण एकात दहा-वीस ग्रॅम जास्त उतरलं तर तुलना तिथेच फसते. मग बायकोने तीन सारखे कप भरले, दोन एका पद्धतीचे आणि एक दुसरीचा, आणि सांगितलं, वेगळा ओळखा. दोनच कप समोर असले की माणूस अंदाजाने बरोबर येतो आणि छाती फुगवतो. तिनात ते तितकं सोपं नसतं. कोमट होईपर्यंत थांबलो, कारण चटका बसत असताना फरक कळत नाहीत.

मध्यम-बारीक दळणावर मेहुण्याला वेगळा कप ओळखता आला नाही. मलाही नाही. पुन्हा केलं तेव्हा त्याने ठामपणे चुकीचा उचलला. मग मीच हट्टाने भरड दळण लावून केलं, दट्ट्या बसवायला थोडा वेळ लावून. तिथे मात्र त्याने लगेच ओळखलं: सरळ कप पातळ होता, शेवट नुसता आंबट. कारण दट्ट्या बसेपर्यंत बरंचसं पाणी कॉफीला जेमतेम भिजवून खाली गेलं होतं. उलट्यात ते पूर्ण वेळ कॉफीसोबत राहिलं. उलटी पद्धत एवढंच करते, पाणी अडवते. त्यावर तो म्हणाला की पाणीच बरोबर नव्हतं. अजूनही म्हणतो.

प्रवासात उलटं करण्याबद्दल माझं मत आणखी वाईट आहे. छोट्या यंत्रात जागा आधीच कमी, त्यात दट्ट्या खालून बसवला की आणखी कमी. मग लोक जागा करायला दट्ट्या जेमतेम अडकवतात. वर जवळजवळ उकळतं पाणी, खाली हलकासा आधार आणि हॉटेलचं गुळगुळीत टेबल. मेहुण्याचा असाच निसटला, हात थोडक्यात वाचला आणि गादी भिजली. करायचंच असेल तर दट्ट्या चांगला सेंटीमीटरभर आत घ्या आणि फिल्टरचं झाकण घट्ट फिरवा. मग वरची अडकलेली हवा हळूच दाबून काढा, झाकणाच्या भोकांत फेस दिसेपर्यंत. ती हवा आत राहिली तर गरम होऊन फुगते आणि फिरवताना कॉफी बाहेर उडवते. कप वर पालथा घालायचा आणि दोन्ही हातांनी कप व नळकांडं एकत्र धरून फिरवायचं. पातळ काचेच्या ग्लासवर कुठल्याच पद्धतीने दाबू नका.

धातूची गाळणी घ्या वा नका घेऊ, पण वरचं सगळं कागदी फिल्टरचं आहे. धातूच्या गाळणीतून पाणी लवकर गळतं, तेलही कपात येतं आणि तळाला गाळ राहतो. तिच्यासोबत दळण भरड ठेवणार असाल तर उलटी पद्धत खरंच उपयोगी पडते. बंद पुड्यातली तयार भरड कॉफी आणि सोबत ग्राइंडर नाही, अशा वेळीही. हे मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.