दुसऱ्याच्या नावाने गेलेला ईमेल आणि त्यानंतरची दुरुस्ती

प्रश्न: आमच्या सेवेची ओळख करून देणारे ईमेल मी यादीवरून पाठवले आणि काही जणांना दुसऱ्याच व्यक्तीचे नाव व दुसरीच कंपनी गेली. माफी मागू की गप्प बसू?

माफी मागावी, पण त्याआधी पाठवणी थांबवावी. यादीवरून ईमेल पाठवणारी साधने ते ठरावीक अंतराने सोडतात, शिवाय काही दिवसांनी जाणारी स्मरणपत्रेही त्याच चुकलेल्या यादीवरून नाव उचलतात. ती सुरू राहिली तर तुमच्या माफीनंतर तीच चूक पुन्हा त्याच माणसाच्या पुढ्यात येते. ईमेल परत बोलावण्यात वेळ घालवू नका. जीमेलमध्ये ती मुभा जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते आणि आउटलुकची ‘रिकॉल’ सोय संस्थेबाहेर गेलेल्या ईमेलला लागू होत नाही.

माझ्या हातून हे घडले तेव्हा १२० जणांची यादी होती. एक नको असलेली नोंद काढताना मी पूर्ण ओळ न काढता फक्त नाव आणि कंपनी हे दोन सेल काढले. त्या दोन रकान्यांतला खालचा सगळा मजकूर एक घर वर सरकला, पत्ते मात्र जागच्या जागी राहिले. ‘मी ही व्यक्ती नाही’ असे पहिले उत्तर आले तेव्हा ४६ ईमेल गेले होते. किती जणांना चुकीचा मजकूर मिळाला हे मी ‘सेंट’मधला एकेक ईमेल उघडून मोजले, कारण घाईत दुरुस्त केलेली शीट प्रत्यक्षात काय गेले ते सांगू शकत नाही. पहिले १८ बरोबर निघाले आणि उरलेले २८ चुकीचे. दुरुस्ती फक्त त्या २८ जणांना पाठवली. ज्यांना बरोबर ईमेल मिळाला आहे त्यांच्याकडे माफी मागितली तर त्यांच्या मनात नसलेली शंका आपणच निर्माण करतो.

दुरुस्ती त्याच दिवशी, त्याच ईमेलला उत्तर म्हणून आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवावी. मी लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

‘आदरणीय मॅडम, सकाळी आपल्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये नाव आणि कंपनी चुकीची होती. यादी तयार करताना माझ्याकडून ही चूक झाली, त्याबद्दल क्षमस्व. आपल्या कंपनीने दोन नवी गोदामे सुरू केल्याचे वाचून मी आपल्याला लिहीत होतो. तो विषय आपल्या उपयोगाचा वाटल्यास कळवावे, अन्यथा मी पुन्हा ईमेल करणार नाही.’

यातले गोदामांबद्दलचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चुकीच्या नावामुळे वाचणाऱ्याला दुखावणारी खरी गोष्ट ही असते की आपण यादीतली एक ओळ आहोत. त्यामुळे केवळ त्याच्याबाबतच खरी असलेली एखादी माहिती माफीच्या चार शब्दांपेक्षा अधिक काम करते. अशी माहिती हाताशी नसेल तर ते वाक्य गाळा, पण ओढूनताणून स्तुती करू नका. सॉफ्टवेअरला दोष देणे आणि भरपाई म्हणून सवलत देऊ करणे हेही टाळावे, कारण ज्याने अजून काही घेतलेलेच नाही त्याला ती सवलत आमिषासारखी वाटते. नावात केवळ एखादे अक्षर चुकले असेल तर मात्र वेगळा ईमेल नको, पुढच्या पत्रव्यवहारात ते बरोबर लिहिले की पुरते.

कंपनी चुकणे नाव चुकण्यापेक्षा गंभीर आहे, हे मला त्या २८ पैकी तिघांमुळे समजले. त्यांच्या ईमेलमध्ये थेट प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव गेले होते, म्हणजे आम्ही तिकडेही संपर्क करत आहोत हे उघड झाले. अशा दुरुस्तीत त्या दुसऱ्या कंपनीचे नाव पुन्हा लिहू नये. मजकुरात तिचे दर किंवा अंतर्गत अडचण असे काही खासगी गेले असेल, तर आपल्या वरिष्ठांना आणि त्या कंपनीलाही ते त्याच दिवशी सांगावे. ते त्यांना बाहेरून कळले तर ती चूक राहत नाही, लपवाछपवी ठरते.

उरलेली यादी पाठवण्यापूर्वी पत्ता ए रकान्यात आणि रोमन लिपीतले पहिले नाव बी रकान्यात ठेवून शेजारच्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढा. नाव रिकामे असलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा, कारण तिथे ते फसवे `TRUE` दाखवते.

```
=ISNUMBER(SEARCH(B2,A2))
```

आद्याक्षरांचे किंवा विभागाच्या नावाचे पत्ते असले की बरोबर ओळीतही `FALSE` येतो, त्यामुळे एखाददुसरा दिसला तर काळजी नाही. एका ओळीपासून खाली जवळजवळ सगळीकडेच `FALSE` दिसू लागला, तर रकाने नेमके तिथूनच सरकलेले असतात.