‘दुय्यम योजना’ नव्हे, आणि ‘एकत्रीकरण’ तर मुळीच नव्हे

*‘प्रोजेक्ट इंटिग्रेशन मॅनेजमेंट’ला मराठीत ‘प्रकल्प एकत्रीकरण व्यवस्थापन’ म्हणावं का? आणि त्यातल्या ‘सबसिडिअरी प्लॅन’ला ‘दुय्यम योजना’ हा शब्द चालेल का?*

दोन्हींना नाही. एकत्रीकरण धान्याच्या पोत्यांचंही होतं. एका जागी आणून टाकलं की झालं. आणि नेमकं तेच सध्या सर्रास चालतं. दहा जणांकडून दहा फाइली मागवायच्या, त्यांना एक मुखपृष्ठ लावायचं आणि वर लिहायचं ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्लॅन’. त्याहून वाईट म्हणजे आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक दाखवून ‘हा आमचा प्लॅन’ म्हणणं. वेळापत्रक म्हणजे प्लॅन नव्हे हे किती वेळा सांगायचं?

या गोंधळाचं थोडं खापर पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेवरही फुटायला हवं. १९९६च्या आवृत्तीत या दस्तऐवजाचं नाव नुसतं ‘प्रोजेक्ट प्लॅन’ होतं. २००४च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात ‘मॅनेजमेंट’ आलं. तेव्हा हे प्रकरण कामांच्या यादीचं नसून काम कसं चालवायचं याच्या नियमांचं आहे, हे निदान नावावरून कळू लागलं. शेड्यूल मॅनेजमेंट प्लॅनमध्ये तारखांची यादी नसते. वेळ दिवसांत मोजायचा की आठवड्यांत, किती दिवसांची घसरगुंडी झाली की वर कळवायचं, प्रगतीची नोंद कोण आणि कधी करणार, हे त्यात असतं. तारखा असतात वेळापत्रकात, आणि त्याची मंजूर झालेली प्रत म्हणजे बेसलाइन. ही बेसलाइन मुख्य योजनेचा भाग असते. रोज बदलणारं वेळापत्रक नसतं. ‘योजना’ आणि ‘योजनेची योजना’ यांना एकच नाव देण्याचा आळस इंग्रजीचा आहे, तो आपण का उचलावा?

आता ‘सबसिडिअरी’. कोश उघडून ‘गौण, दुय्यम’ असा पहिला अर्थ उतरवून घेणाऱ्यांनी या शब्दाचं वाटोळं केलं आहे. लॅटिनमध्ये ‘सबसिडियम’ म्हणजे लढाईत मागच्या रांगेत बसून राहिलेली राखीव तुकडी, आघाडीला गरज पडताच पुढे येणारी. ‘सब’ आणि ‘सेदेरे’, म्हणजे बसणे. आणि आता गंमत पाहा. हे ‘सब’ आपल्या ‘उप’चं सख्खं भावंड आहे आणि ‘सेदेरे’ आपल्या ‘सद्’ धातूचं. उप अधिक सद्! ‘उपनिषद’ या शब्दातही हीच जोडी आहे, मध्ये फक्त एक ‘नि’ येऊन बसला आहे. जी जवळ येऊन बसते ती सबसिडिअरी. ‘उपयोजना’ हा शब्द साधा वाटतो म्हणून त्याला नाकं मुरडणारे पंडित आहेत, पण अर्थाने आणि वंशाने तोच बिनचूक आहे. २०१७च्या सहाव्या आवृत्तीने अशा दहा उपयोजना मोजल्या: व्याप्ती, गरजा, वेळ, खर्च, गुणवत्ता, साधनसामग्री व माणसं, संवाद, जोखीम, खरेदी आणि हितसंबंधीयांचा सहभाग. यांतली कोणतीही दुसरीपेक्षा गौण नाही.

आणि खुद्द ‘योजना’? ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ त्याच कुळातल्या ‘युग’वरून आलं. म्हणजे इंटिग्रेशन हा अर्थ आपल्या ‘योजना’ शब्दाच्या पोटातच बसलेला आहे! दोन बैल एकाच गोठ्यात बांधले म्हणजे जुंपले असं होत नाही. दोघांच्या मानेवर एकच लाकूड यावं लागतं. म्हणून इंटिग्रेशनला मी ‘सांधणी’ म्हणतो. ‘समन्वय’ वाईट नाही, पण त्याला बैठकांचा फार वास येतो.

सांधणी म्हणजे काय ते उदाहरणाने पाहू. एका गोदामात साठा नोंदवण्याची नवी संगणकप्रणाली बसवायची आहे, मुदत २० आठवडे. खरेदी योजना सांगते: हातात धरायचे ४० स्कॅनर, मागणी पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला, पुरवठ्याला ८ आठवडे. म्हणजे माल हातात येणार बाराव्या आठवड्याच्या अखेरीस. गुणवत्ता योजना सांगते: चाचणीच्या दोन फेऱ्या, दोन्ही प्रत्यक्ष स्कॅनरवरच. वेळापत्रकात पहिली फेरी अकराव्या आठवड्यात सुरू. प्रत्येक कागद सुटा वाचला तर निर्दोष, आणि तिन्ही एकत्र ठेवले तर अशक्य. चाचणी करणारे दोन आठवडे रिकामे बसणार.

इथे बहुतेक जण म्हणतात, वेळापत्रकात दोन आठवडे राखीव आहेत, चालून जाईल. चालत नाही. ती राखीव वेळ पुरवठादाराकडून उशीर झाला तर, यासाठी ठेवलेली असते. आज कागदावरच दिसणारी विसंगती म्हणजे जोखीम नव्हे, ती चूक आहे. तिच्यावर राखीव वेळ खर्च केली तर पहिल्याच दिवशी गाठोडं रिकामं, आणि खरा उशीर झाला की हातात काही नाही.

मग मागणी दोन आठवडे आधी नोंदवावी? तेही जमत नाही, कारण गरजांची योजना सांगते की स्कॅनरचं तपशीलपत्रक चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मंजूर होणार. उपाय असा निघतो: पाचव्या आठवड्यात मुख्य मागणीबरोबरच दुसऱ्या पुरवठादाराच्या तयार साठ्यातले ४ स्कॅनर वेगळे घ्यायचे, ते दोन आठवड्यांत येतात. पहिली फेरी या चारांवर, दुसरी सगळ्या चाळीसांवर. आता गुणवत्ता योजनेतलं वाक्य बदललं. खर्चाच्या बेसलाइनमध्ये चार नगांची भर पडली, आणि ती सातव्या आठवड्यात. खरेदी योजनेत दुसरा पुरवठादार आला. अकराव्या आठवड्याची तारीख मात्र हलली नाही. एका सांध्यासाठी तीन कागद उघडावे लागले. हेच ते काम, आणि ते मुखपृष्ठ लावून होत नाही.

हे सगळं मंजुरीच्या आधी उरकायचं असतं. तोवर योजना कितीही वेळा फिरवा, कोणी विचारत नाही. बेसलाइन ठरली की हाच बदल रीतसर अर्ज, परिणामांची तपासणी आणि मंजुरी या वाटेने न्यावा लागतो.

सांधा निखळलाय हे ओळखायचं कसं? एकच तारीख, एकच आकडा किंवा एकाच माणसाचं नाव दोन उपयोजनांत आलं असेल तिथे बोट ठेवायचं आणि दोन्हीकडे तेच लिहिलंय का पाहायचं. दुसरी खूण मोजमापाची, आणि ही जास्त फसवी. समजा, कामाच्या विभागणीत ‘स्कॅनर बसवणे’ हा एक गठ्ठा आहे, पण खर्च नोंदवला जातो खात्यांनुसार: खरेदी, संगणक विभाग, गोदाम. मग त्या गठ्ठ्याचं निम्मं काम झालं तेव्हा पैसे किती गेले, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. वेळ आणि खर्च ज्या पातळीवर एकत्र मोजायचे ती पातळी, म्हणजे कंट्रोल अकाउंट, खर्चाच्या योजनेत आधीच ठरवून कामाच्या विभागणीला बांधावी लागते. नंतर हिशेब उलगडून वाटून देता येतात असं म्हणणाऱ्यांनी तीन खात्यांची बिलं एकदा वाटून पाहावीत. निम्मी वाटणी अंदाजाने होते, आणि त्या अंदाजाला मग ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणतात. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरचं, पण त्या शब्दाचे हाल हा वेगळाच विषय.