आधी 'सुकी', 'आइ'ची घाई नको

प्रश्न: जपानी शिकतोय. वर्गातल्या एका जपानी मुलीला मनातलं सांगायचंय. सुकी, दाइसुकी की आइ, कुठला शब्द वापरू?

सुकी. निदान पहिल्यांदा तरी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने असंच वाक्य लिहून आणलं होतं: 'वाताशि वा आनाता ओ आइशितेइमासु', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. शब्दकोशाप्रमाणे चूक काहीच नाही, पण ते ऐकून समोरची मुलगी दचकली असती. 'आइशितेइमासु' किंवा त्याचंच बोलीतलं रूप 'आइशितेरु' जपानी माणसं फार क्वचित म्हणतात. वर्षानुवर्षं संसार केलेल्या कित्येक जोडप्यांनीही ते एकमेकांना म्हटलेलं नसतं. ओळख वाढते आहे एवढ्यात ते म्हणालात, तर ते जड तरी वाटेल नाहीतर मालिकेतला संवाद तरी.

मग आम्ही ते वाक्य सोडवायला घेतलं. आधी 'आइशितेइमासु' काढून 'सुकी देसु' घातलं. मराठी माणसाला ही रचना सोपी जाते, कारण 'सुकी' आपल्या 'आवडणे'सारखं चालतं. 'मला तू आवडतेस' यात आपण 'तुला' म्हणत नाही, तसंच तिथेही आवडणाऱ्या माणसाला कर्माचा प्रत्यय 'ओ' न लावता कर्त्याचा 'गा' लावायचा. त्या मुलाने इंग्रजीतून विचार केला होता, म्हणून त्याचा 'ओ' तसाच राहिला होता.

नंतर 'आनाता', म्हणजे 'तू', गेलं. ओळखीच्या माणसाला जपानीत नावानेच संबोधतात. म्हणून तानाका नावाची मुलगी असेल तर 'तानाका-सान नो कोतो गा सुकी देसु'. यातलं 'नो कोतो' सोडू नका. सुकी सुशीसारख्या पदार्थालाही चालतं, मांजरालाही चालतं. 'नो कोतो' आलं की रोख त्या व्यक्तीकडेच आहे हे कळतं. 'वाताशि वा'ची गरज नाही, बोलणारे तुम्हीच आहात. उच्चार करताना 'सु'मधला उकार जवळजवळ गिळायचा, 'स्की' असा.

आता दाइसुकी. 'दाइ' म्हणजे मोठं, म्हणून सुकीपेक्षा जोरदार, हे खरं. पण मुलं आईला, आजीला, आइस्क्रीमला सर्रास दाइसुकी म्हणतात. त्यामुळे पहिल्याच वेळी ते जरा बालिश किंवा उतावीळ वाटू शकतं. जोडी जमल्यावर लाडात म्हणायला मात्र छान आहे. मला स्वतःला आइशितेरुपेक्षा तेच गोड वाटतं.

आणि नुसतं 'सुकी देसु' म्हणून थांबू नका. ऐकणारीला 'बरं, मग?' असं होतं. जपानी कोकुहाकूत, म्हणजे मनातलं सांगण्याच्या त्या ठरलेल्या प्रसंगात, पुढे बहुतेकदा 'त्सुकिआत्ते कुदासाइ' येतं: माझ्याशी नातं जोडशील का. ती 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' म्हणाली तर होकार. 'गोमेन नासाइ' म्हणाली तर विषय तिथेच सोडा, तिचं उत्तर झालेलं आहे.